पेंटेनचे समघटक: लेकीने सहा काढले, पुस्तकात तीनच

अनघा_नाशिक

नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीला आहे. काल चाचणीची वही घरी आली. प्रश्न होता, C5H12 चे सगळे रचना समघटक काढा. तिने सहा आकृत्या काढल्या आणि तिला एकच गुण मिळाला. बाजूला लाल शाईत "पुनरावृत्ती" एवढा एकच शब्द आहे. कुठली आकृती कशाची पुनरावृत्ती, हे लिहिलेलं नाही. ती रडवेली झाली आहे, कारण तिच्या डोळ्यांना सहाही वेगळ्या दिसतात. मी वाणिज्य शाखेची, मलाही वेगळ्याच दिसतात. हायड्रोजन वगळून तिच्या आकृत्या इथे देते.

```
१)  C-C-C-C-C

२)  C-C-C-C
          |
          C

३)  C-C-C
    |   |
    C   C

४)  C-C-C-C
      |
      C

५)      C
        |
    C-C-C-C

६)  C-C-C
      |
      C
      |
      C
```

पुस्तकात तीनच आहेत म्हणे. मग यातल्या कुठल्या तीन बरोबर? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काढायची काही पद्धत असते का?

ओंकार_अकरावी

ताई, मला वाटतं पाच असतात. तुमच्या मुलीने वलय विसरलंय. पाच कार्बनांची गोल साखळी केली की सायक्लोपेंटेन होतो, आणि चौकोनाला एक कार्बन लटकवला की अजून एक. पुस्तकातले तीन आणि हे दोन मिळून पाच.

मेधा_शिकवणी

ओंकार, वलयातले हायड्रोजन मोजून बघ. साखळीची दोन टोकं एकमेकांना जोडायची तर दोन्ही टोकांचा एकेक हायड्रोजन काढावा लागतो. म्हणून सायक्लोपेंटेन C5H10 होतो. चौकोनवाल्याचंही तेच. प्रश्नात C5H12 दिलंय, म्हणजे वलय नाही आणि दुहेरी बंधही नाही. आकृती पूर्ण झाली की हायड्रोजन मोजायचे आणि बारा भरले नाहीत तर ती बाद, हे मी मुलांना पहिल्या दिवशी सांगते.

अनघाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडं धक्कादायक आहे. सहापैकी तीन बरोबर असं नाहीये. सहा मिळून दोनच पदार्थ आहेत. १, २, ३ हा एकच साधा पेंटेन. ४, ५, ६ हा एकच आयसोपेंटेन. आणि तिसरा, निओपेंटेन, तिने काढलेलाच नाही.

अनघा_नाशिक

म्हणजे जास्तही काढले आणि कमीही! दोन्ही चुका एकाच वेळी कशा होतात? ३ नंबरची तर चक्क वाटीसारखी आहे, ती सरळ रेघेसारखी कशी असेल?

प्रयोगवही

मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. ही चूक दरवर्षी बघितली आहे आणि त्यात मुलांचा दोष फार थोडा असतो. आपण फळ्यावर रेघा काढतो, आणि रेघ वळली की वस्तू बदलली असं डोळा सांगतो.

लेकीला एक खेळ करायला सांगा. रात्री हरभरे भिजत घाला आणि सकाळी टूथपिकांनी पाच हरभरे एकामागे एक ओवा. हायड्रोजन नकोत, फक्त कार्बन. आता ही माळ टेबलावर सरळ ठेवा, मग शेवटचा हरभरा खाली वळवा, मग दोन्ही टोकं वळवा. आकृती १, २, ३ झाल्या, पण एकही टूथपिक उपसावी लागली नाही. जे नुसतं वळवून मिळतं तो तोच रेणू. वेगळा समघटक मिळवायचा तर एक तरी टूथपिक काढून दुसऱ्या हरभऱ्यात खुपसावी लागते. म्हणजे प्रश्न आकाराचा नाहीच, कोण कोणाला जोडलंय याचा आहे.

कागदावर हेच बोटाने करता येतं. कुठल्याही टोकाच्या कार्बनवर बोट ठेवा आणि बोट न उचलता, एकाच कार्बनवर दोनदा न जाता, जास्तीत जास्त किती कार्बन ओलांडता येतात ते बघा. वळणावर थांबायचं नाही. आकृती ३ मध्ये पाच येतात, म्हणून तो साधा पेंटेन. आकृती ६ मध्ये खालच्या टोकापासून वर जा आणि डावीकडे वळा, चार येतात. उरलेला एक कार्बन, डाव्या टोकाकडून मोजलं तर, त्या चारांतल्या दुसऱ्यावर लटकलेला आहे. आकृती ४ चंही हेच वर्णन आहे. आकृती ५ मध्ये तो तिसऱ्यावर दिसतो, पण उजवीकडून मोजलं की दुसराच.

फ्रिजवाला_सांगली

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय समघटकांच्या जवळचाच म्हणून विचारतो. हल्लीच्या घरगुती फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर R600a लिहिलेलं असतं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये तो आयसोब्युटेन असल्याचं सांगितलं होतं. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही ब्युटेन असतो ना? सूत्र एकच असेल तर तो गॅस भरून चालावं असं एक गिऱ्हाईक माझ्याशी वाद घालत होतं. मी नाही म्हणालो, पण कारण सांगता आलं नाही.

प्रयोगवही

नाही म्हणालात ते अगदी योग्य केलंत, आणि कारण याच धाग्याचं आहे. C4H10 चे समघटक दोनच. चार कार्बनांची सरळ साखळी हा साधा ब्युटेन, तो साधारण उणे ०.५ अंशाला उकळतो. तीन कार्बनांच्या मधल्यावर चौथा लटकवला की आयसोब्युटेन, तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. कार्बन तेवढेच, हायड्रोजन तेवढेच, तरी ११ अंशांहून जास्त फरक. लांबट रेणू एकमेकांना लांबीभर चिकटून राहू शकतात, फांदीवाला गोळ्यासारख्या आकाराचा असल्याने त्याचा स्पर्श कमी होतो आणि तो लवकर सुटतो. कॉम्प्रेसर एका विशिष्ट गॅसच्या दाबावर बेतलेला असतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि दोन्ही ब्युटेन यांचं मिश्रण असतं, शिवाय गळती कळावी म्हणून वासाचं गंधकयुक्त द्रव्य घातलेलं असतं. दाब बदलणार, थंडावा बिघडणार, आणि घरगुती सिलिंडरमधून असा गॅस काढणंच मुळात धोक्याचं.

पेंटेनमध्ये हा फरक आणखी मोठा दिसतो. साधा पेंटेन ३६ अंशांना उकळतो, आयसोपेंटेन २८ ला आणि निओपेंटेन ९.५ ला. म्हणजे पुण्याच्या साध्या दिवशी, २५ अंशांत, पहिले दोन द्रव आणि तिसरा वायू. लेकीने १ आणि ३ वेगळे मानले, तर त्यांचे उत्कलनबिंदूही वेगळे असायला हवेत. तसं नाही, बाटलीत ते एकच.

ओंकार_अकरावी

सर, वलयाचं पटलं. पण वळवलेले आकार एकच, हे मला पूर्ण पटत नाही. आम्हाला ब्युटेनचे अँटी आणि गॉश असे दोन आकार शिकवले. त्यांची ऊर्जासुद्धा वेगळी असते. मग ते दोन वेगळे का नाही मोजायचे?

प्रयोगवही

प्रश्न चांगला आहे. ते आकार खरे आहेत, कल्पनेतले नाहीत. पण एकेरी बंधाभोवती फिरायला लागणारी ऊर्जा इतकी थोडी आहे की खोलीच्या तापमानाला ब्युटेनचा रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा एका आकारातून दुसऱ्यात जातो. एक बाटली अँटीची आणि एक गॉशची अशी भरता येत नाही. रचना समघटकांच्या मोजणीत म्हणून ते एकच.

मेधा_शिकवणी

सर, तरी त्यांना कन्फॉर्मेशनल आयसोमर म्हणतातच की. मुलं गोंधळतात ती या शब्दामुळे. मी तर दहावीच्या मुलांसमोर हा शब्द उच्चारतच नाही.

प्रयोगवही

मी उच्चारायचो, आणि लगेच हरभऱ्याची माळ फिरवून दाखवायचो. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

अनघाताईंचा दुसरा प्रश्न राहिला, पद्धतीचा. सुचेल तशी आकृती काढत गेलं की पुनरावृत्ती होते आणि काहीतरी सुटतंही. त्यापेक्षा लांबीने उतरत यायचं.

आधी पाचांची साखळी. उरलेलं काही नाही, एकच आकृती.

मग चारांची साखळी, एक कार्बन हातात उरला. तो टोकाला लावला तर साखळी पुन्हा पाचाची होते, आणि पाचाची तर आपण काढून झालो. म्हणून टोक वर्ज्य. दुसऱ्यावर लावला तर चालतो. तिसऱ्यावर लावला तर तो दुसऱ्या बाजूने दुसराच. म्हणून मध्यापर्यंतच जायचं, मध्य ओलांडायचा नाही. एकच आकृती.

मग तिनाची साखळी, दोन कार्बन हातात. टोकं वर्ज्य, राहिला फक्त मधला. दोन्ही सुटे सुटे त्यालाच, एक वर आणि एक खाली.

```
      C
      |
    C-C-C
      |
      C
```

हा निओपेंटेन, लेकीचा राहिलेला. आता ते दोन कार्बन एकमेकांना जोडून एकच लांब फांदी म्हणून मधल्याला लावले तर? तीच तिची आकृती ६. फांदीच्या शेंड्यापासून मोजलं तर चार येतात, म्हणजे ती तिनाची साखळी नव्हतीच. तिची खरी चूक इथे झाली. तिनावर दोन कार्बन लावायचे हे तिला सुचलं होतं, पण तिने ते जोडून लावले आणि काम संपलं असं मानलं.

मग दोनाची साखळी. तिला मधला कार्बनच नाही, दोन्ही टोकंच. इथे थांबायचं. एकूण तीन.

ब्युटेनला हेच करून बघा, चाराची एक, तिनाची एक, संपलं.

गणिती_किडा

मला वाटतं याहून सोपी खूण आहे. प्रत्येक कार्बनला किती कार्बन शेजारी आहेत ते लिहा आणि चढत्या क्रमाने लावा. साधा पेंटेन १,१,२,२,२. आयसोपेंटेन १,१,१,२,३. निओपेंटेन १,१,१,१,४. दोन आकृत्यांची यादी सारखी आली तर रेणू एक, वेगळी आली तर वेगळा. बोट फिरवायला नको, हरभरे नकोत.

आणि तीनच का, हेही यातून निघतं. पाच कार्बनांत चार बंध असतात. प्रत्येक बंध दोन्ही टोकांच्या कार्बनकडे मोजला जातो, म्हणून शेजाऱ्यांची बेरीज आठ. प्रत्येकाला निदान एक शेजारी हवाच, त्यात पाच गेले. उरले तीन. ते तीन एकेक करून तिघांना वाटा, किंवा एकाला दोन आणि एकाला एक द्या, किंवा तिन्ही एकालाच द्या. चौथी वाटणी नाही. ब्युटेनला उरतात दोन, म्हणून दोन वाटण्या, दोन समघटक. कुठल्याही अल्केनला हीच पद्धत लावा.

अनघा_नाशिक

हे तर मलासुद्धा समजलं! लेकीने लगेच सहाही आकृत्यांवर आकडे लिहिले. १, २, ३ च्या याद्या एक, ४, ५, ६ च्या एक. तिचा चेहरा बघायला हवा होता. आता ती याच पद्धतीने हेक्झेन करतेय.

अनघा_नाशिक

हेक्झेनला उरतात चार. तिने वाटण्या केल्या: चौघांना एकेक, एकाला दोन आणि दोघांना एकेक, दोघांना दोन दोन, एकाला तीन आणि एकाला एक. चारही एकालाच दिले तर त्या कार्बनला पाच शेजारी होतात, ते चालत नाही म्हणून सोडलं. उत्तर चार. पण क्लासच्या वहीत पाच लिहिलेत. वहीत चूक आहे का?

प्रयोगवही

वही बरोबर आहे, पाचच. गणिती यांची वाटणी पेंटेनपर्यंत अचूक आहे, पण "कुठल्याही अल्केनला" हे म्हणणं बरोबर नाही. याद्या वेगळ्या असतील तर रेणू नक्की वेगळे, हा अर्धा भाग कायम खरा. याद्या सारख्या असतील तर रेणू एकच, हा अर्धा भाग हेक्झेनपासून मोडतो. पाचाच्या साखळीवर एक कार्बन दुसऱ्या जागी लावा आणि मग तिसऱ्या जागी लावा.

```
    C-C-C-C-C          C-C-C-C-C
      |                    |
      C                    C
```

दोन्हींची यादी १,१,१,२,२,३. पण पहिल्यात तीन शेजाऱ्यांच्या कार्बनला दोन टोकं चिकटलेली आहेत, दुसऱ्यात एकच. टूथपिक उपसल्याशिवाय एकातून दुसरा होत नाही. यादी फक्त प्रत्येकाला किती शेजारी हे सांगते, ते शेजारी कोण हे सांगत नाही. पेंटेनमध्ये रेणू इतका लहान आहे की प्रत्येक यादीची एकच जुळणी होते, म्हणून ही उणीव झाकली जाते.

गणिती_किडा

मान्य. मी पेंटेनवर थांबून नियम केला. मग यादीत शेजाऱ्यांचे शेजारीही लिहिले तर?

प्रयोगवही

बरंच पुढे जाता येईल, पण तेवढी खूण कितव्या कार्बनपर्यंत पुरते हे मी करून बघितलेलं नाही. लांबीने उतरायची पद्धत मात्र प्रत्येक टप्प्यावर का बरोबर आहे ते सांगता येतं, म्हणून माझा भर तिच्यावर. या मोजणीत मोठी माणसंही चुकली आहेत. आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने १८७० च्या दशकात अल्केनचे समघटक मोजले. ११ कार्बनांपर्यंत त्याचे आकडे बरोबर, पण १२ आणि १३ चे चुकले. खरे आकडे ३५५ आणि ८०२ आहेत.

मेधा_शिकवणी

मी ताळा म्हणून एक करून घेते. पेंटेन थेट न काढता ब्युटेनवरून बनवायचे. ब्युटेनच्या प्रत्येक वेगळ्या जागेवरचा एक हायड्रोजन काढून तिथे CH3 लावायचा. साध्या ब्युटेनमध्ये जागा दोन प्रकारच्या, टोकाची आणि आतली. टोकाला लावला की साधा पेंटेन, आत लावला की आयसोपेंटेन. आयसोब्युटेनमध्येही दोन प्रकारच्या, तीन सारखी टोकं आणि मधला. टोकाला लावला की पुन्हा आयसोपेंटेन, मधल्याला लावला की निओपेंटेन. चार वाटा, तीन मुक्काम. आयसोपेंटेनला दोन वाटांनी पोचता येतं, म्हणून मुलं तोच सगळ्यात जास्त वेळा पुन्हा काढतात, असा माझा अनुभव आहे. या रीतीने सुटत काहीच नाही, पण पुनरावृत्ती होणारच, ती नंतर गाळावी लागते. सरांच्या रीतीत ती आधीच टाळली जाते.

फ्रिजवाला_सांगली

आभारी आहे सर. गिऱ्हाइकाला उकळण्याचे दोन आकडे सांगितले, ऐकून घेतलं त्याने.

एक विचारू का, नाव लिहून बघितलं तर पुनरावृत्ती कळणार नाही का? माझा मुलगा म्हणतो नाव सारखं आलं की रेणू सारखा.

प्रयोगवही

मुलगा बरोबर बोलतोय, पण नाव नियमाने पाडलं तरच. आकृती ६ ला मुलं २-इथिलप्रोपेन म्हणतात, आकृती ५ ला ३-मिथिलब्युटेन, आणि आकृती २ ला १-मिथिलब्युटेन. तीन नवी नावं, वाटतं तीन नवे रेणू. पहिल्यात सर्वांत लांब साखळी चुकली, दुसऱ्यात चुकीच्या टोकाकडून मोजलं, तिसऱ्यात साखळीचाच शेवट फांदी समजला. खरी नावं २-मिथिलब्युटेन, पुन्हा २-मिथिलब्युटेन, आणि पेंटेन. म्हणजे नावाआधी बोट फिरवावंच लागतं.

अनघा_नाशिक

दोन दिवसांनी लिहितेय. हेक्झेनचे पाच तिने लांबीने उतरत स्वतः काढले: सहाची एक, पाचाच्या दोन, चाराच्या दोन. आता हट्टाने हेप्टेन केला. सहाच्या साखळीवर एक फांदी दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी. पाचाच्या साखळीवर दोन फांद्या: दोन्ही दुसऱ्यावर, दोन्ही तिसऱ्यावर, दुसऱ्या-तिसऱ्यावर, दुसऱ्या-चौथ्यावर. चाराच्या साखळीवर तीन फांद्या. साधा हेप्टेन धरून आठ. एक राहिलाय हे तिला वहीवरून कळलंय, पण उत्तर सांगू नका म्हणते, फक्त कुठे बघू ते विचारा म्हणते.

प्रयोगवही

पाचाच्या साखळीकडे. आकृती ६ मध्ये जोडून लावलेली दोन कार्बनांची फांदी आपण का नाकारली होती, ते कारण तिला पुन्हा मोठ्याने वाचायला सांगा.

अनघा_नाशिक

सापडला! तिने दोन कार्बनांची फांदी कधीच लावायची नाही असं मनात धरलं होतं. पाचाच्या बरोबर मधल्या कार्बनपासून दोन्ही टोकं दोन दोन पावलांवर आहेत, फांदीही दोनाचीच, म्हणजे कुठूनही मोजलं तरी पाचच येतात. दुसऱ्या कार्बनवर लावली असती तर सहा झाले असते. नऊ पूर्ण झाले.

ओंकार_अकरावी

सर, त्या नऊमध्ये सहाच्या साखळीवर तिसऱ्या जागी फांदी असलेला जो आहे, त्याच्या एका कार्बनला चार वेगवेगळे गट आहेत. त्याचं आरशातलं प्रतिबिंब त्याच्यावर बसत नाही. आणि पाचाच्या साखळीवर दुसऱ्या-तिसऱ्या जागी फांद्या असलेल्याचंही तसंच. मग नऊ की अकरा?

प्रयोगवही

रचना समघटक विचारले तर नऊ, आरशातले धरले तर अकरा. आणि हे आकार नुसते फिरवून एकमेकांत जात नाहीत, टूथपिक उपसावीच लागते, तरी कोण कोणाला जोडलंय हे दोन्हींत सारखंच. माझी हरभऱ्याची कसोटी इथे अपुरी पडते.

मेधा_शिकवणी

अनघाताई, लेकीला सांगा, चाचणीत पेंटेन आणि ब्युटेनच येतील, तिथे कसोटी पुरते. आमच्याकडे एक वाद मात्र चालूच असतो: हायड्रोजन न लिहिता नुसता कार्बनांचा सांगाडा काढला तर पूर्ण गुण द्यायचे की नाही. मी देते. बरेच परीक्षक देत नाहीत. तिने चाचणीत हायड्रोजन लिहिले होते का?

अनघा_नाशिक

लिहिले होते. आकृती ४ मध्ये फांदीच्या कार्बनवर CH2 लिहिलंय, अकराच भरतात. ते तपासताना कोणाच्या लक्षात आलेलं नाही, आज तिनेच दाखवलं.